मोहरीएवढा हिटबॉक्स: बुलेट हेलमधली गच्च स्क्रीन कशी वाचायची

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. माझा भाचा सुट्टीला आमच्याकडे येतो तेव्हा बाराच्या पुढे आमचा मुक्काम पीसीसमोर असतो. बुलेट हेल, म्हणजे शेकडो गोळ्या चुकवत खेळायचा गेमप्रकार, त्याने पहिल्यांदा खेळायला घेतला तेव्हा बॉसने, म्हणजे मोठ्या शत्रूने, सगळी स्क्रीन गोळ्यांनी भरून टाकली आणि तो म्हणाला, "मामा, जागाच दिसंना झालीय, जाऊ कुठनं?"

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि हा लेख त्याच्याच उत्तरासाठी आहे. जागा असते, भरपूर असते. ती दिसत नाही, कारण आपण आपल्या पात्राचं चित्र बघत असतो आणि गेम मात्र त्या चित्राच्या पोटातला एक ठिपका बघत असतो, त्यालाच हिटबॉक्स म्हणतात. दुसरी गोष्ट अशी की पुष्कळदा गोळ्या कुठे जाणार हे आपल्याच हालचालीवर ठरतं. या दोन गोष्टी पक्क्या समजल्या की बोटांचा वेग फारसा लागत नाही.

या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण तोआप्लान कंपनीच्या 1993 सालच्या 'बात्सुगुन'पासून मोजतात. पुढे केव्ह कंपनीने 'डोनपाची' (1995) आणि 'डोडोनपाची' (1997) काढून आजचं रूप पक्कं केलं. मी उदाहरणं 'तोहो' मालिकेतली घेतो. ती साध्या पीसीवर चालते आणि तिच्या बऱ्याच भागांच्या चाचणी आवृत्त्या फुकट मिळतात. सहावा भाग 2002 चा आहे. खिडकी 640 बाय 480 पिक्सेलची, पण खेळायची चौकट त्यात 384 बाय 448 पिक्सेलची, आणि सगळा हिशोब सेकंदाला 60 फ्रेमचा. पुढचं गणित याच चौकटीवर आहे.

आधी कीबोर्ड तपासा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते न करता खेळणारे उगाच मरतात. तोहोमध्ये झेड दाबून गोळ्या सुटतात, शिफ्ट धरलं की पात्र हळू चालतं (याला फोकस म्हणतात) आणि एक्सने बॉम्ब टाकता येतो. म्हणजे तिरकं सरकताना झेड, शिफ्ट आणि दोन बाण अशी चार बटणं एकदम दाबलेली असतात. स्वस्त कीबोर्ड त्यातलं एखादं गिळतात. नोटपॅडमध्ये हे नीट कळत नाही, गेममध्येच बघा: झेड आणि शिफ्ट धरून ठेवा आणि बाणांच्या चारही तिरक्या जोड्या दाबा. एखाद्या जोडीला पात्र तिरकं न जाता सरळ गेलं किंवा गोळीबार थांबला, तर दोष कीबोर्डचा. मग बटणं बदलून देणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने झेडचं काम दुसऱ्या बटणावर टाकून बघा, नाहीतर जॉयपॅड घ्या.

विंडोजमध्ये शिफ्ट सलग पाचदा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते, आणि ती नेमकी बॉसच्या वेळी उघडते. सेटिंगमधून तो शॉर्टकट बंद करून टाका. मोठ्या टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. त्याशिवाय बटण दाबणं आणि पात्र हलणं यात जो उशीर होतो त्याने पुढचं सगळं गणित बिघडतं.

हिटबॉक्स डोळ्यांनी बघा

गोळी लागली की नाही हे ठरवताना गेम चित्राकडे बघतच नाही. गोळीचा केंद्रबिंदू, तुमचा केंद्रबिंदू आणि दोघांच्या त्रिज्या, एवढंच तो बघतो:

```
dx = bx - px
dy = by - py
hit = dx*dx + dy*dy < (br + pr)**2
```

काही गेम वर्तुळाऐवजी चौकोन वापरतात, पण तत्त्व हेच. महत्त्वाचा भाग शेवटच्या कंसात आहे: दोन त्रिज्यांची बेरीज. त्याचा अर्थ असा की प्रत्येक गोळीभोवती (br + pr) त्रिज्येचं एक वर्तुळ आहे, आणि तुमचा केंद्रबिंदू त्या वर्तुळात गेला तरच तुम्ही मेलात. यापुढे स्वतःला एक बिंदू समजा आणि सगळी जाडी गोळ्यांना देऊन टाका. स्क्रीन वाचायची ही पद्धत एकदा अंगात भिनली की पुन्हा जुन्या नजरेने बघता येत नाही.

आता आकडे घालू. गेमगणिक ते थोडे बदलतात. मी हिशोबाला सोपे घेतले आहेत. पात्राचं चित्र 32 पिक्सेल रुंद, हिटबॉक्सची त्रिज्या 2. गोळीचं चित्र 16 पिक्सेल रुंद, तिच्या हिटबॉक्सची त्रिज्या 4. हो, गोळीचा हिटबॉक्सही तिच्या चित्रापेक्षा लहान ठेवलेला असतो. चौकटीत 300 गोळ्या कशाही विखुरल्या आहेत असं धरा.

हिटबॉक्स चित्राएवढा असता तर त्रिज्यांची बेरीज 8 आणि 16 मिळून 24 झाली असती. 24 त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण 1,810 चौरस पिक्सेल. अशी 300 वर्तुळं म्हणजे 5,43,000, आणि चौकट आहे 1,72,032 ची. चौकट तीनदा झाकली जाईल एवढा माल. वर्तुळं एकमेकांवर चढतात हे धरूनही मोकळी जागा जेमतेम 4 टक्के उरते. तीही तुटक तुकड्यांत. एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला वाट नाही.

खऱ्या हिटबॉक्सने मात्र बेरीज 4 आणि 2, म्हणजे 6. क्षेत्रफळ 113. अशी 300 वर्तुळं मिळून 34,000 च्या आसपास. मोकळी जागा जवळपास 82 टक्के! म्हणजे त्याच स्क्रीनवर, तेवढ्याच गोळ्यांत, मेलेली जागा एक पंचमांशाहून कमी. त्रिज्या चौपट कमी झाली की क्षेत्रफळ सोळापट कमी होतं, सगळी करामत या वर्गात आहे.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर भाच्याला मी जे करून दाखवलं ते तुम्हीही करा. बॉसच्या सर्वांत गच्च पॅटर्नचा स्क्रीनशॉट घ्या, फक्त खेळायची चौकट कापा आणि ती 16 सेंटिमीटर रुंद होईल अशी छापून आणा. झेरॉक्सवाल्याकडे काळीपांढरी छापली तरी चालते. या मापात एका सेंटिमीटरला 24 पिक्सेल बसतात. मग शर्टाचं एक बटण घ्या. ते साधारण सव्वा सेंटिमीटरचं, म्हणजे जवळजवळ पात्राच्या चित्राएवढं. ते कागदावर कुठल्याही गोळीला न टेकता ठेवायचा प्रयत्न करा. जागा सापडायला वेळ लागेल आणि सापडली तरी तिथून बटण सरकवता येणार नाही. आता स्वयंपाकघरातून मोहरीचा एक दाणा आणा. 4 पिक्सेल रुंदीचा हिटबॉक्स या कागदावर दीड-पावणेदोन मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोहरीच. दाणा बोटाच्या टोकाने ढकलत कागदाच्या तळापासून वरपर्यंत नेता येतो. भाच्याने तो दाणा तीन वेगवेगळ्या वाटांनी वर नेला आणि लगेच कीबोर्ड ओढून घेतला.

हिटबॉक्स नेमका कुठे आहे हेही माहीत हवं. तोहोच्या सहाव्या भागात तो दिसत नाही; पात्राच्या छातीजवळ आहे असं धरून खेळावं लागतं. 2003 च्या सातव्या भागापासून शिफ्ट धरलं की त्या जागी ठिपका उमटतो, म्हणून नवख्याने सातव्या भागापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. विमानांच्या गेममध्ये तो बहुधा विमानाच्या मधोमध, चालकाच्या काचेजवळ असतो. पंख, केस, झगा यातून गोळ्या आरपार गेल्या तरी काही होत नाही. सवय लागेपर्यंत हे बघणं अवघड जातं, कारण गोळी पंखाला लागताना दिसली की हात आपोआप दचकतो, आणि त्या दचकण्यानेच पात्र शेजारच्या गोळीवर जाऊन आदळतं.

बारीक हिटबॉक्सने जागेबरोबर वेळही वाचतो. वरून फ्रेमला 3 पिक्सेल वेगाने गोळ्यांची रांग येते आहे. धोक्याच्या पट्ट्याची जाडी दोनदा 6, म्हणजे 12 पिक्सेल. तो पट्टा तुमच्यावरून 4 फ्रेममध्ये निघून जातो, सेकंदाच्या पंधराव्या भागात. म्हणजे फटीत तेवढाच वेळ थांबायचं आहे. चित्राएवढा हिटबॉक्स असता तर तीच रांग ओलांडायला 16 फ्रेम लागल्या असत्या, आणि तोवर मागची रांग येऊन ठेपली असती.

गोळी कोणत्या जातीची, ते ठरवा

पॅटर्न कितीही नक्षीदार असो, त्यातली जवळपास प्रत्येक गोळी तीनपैकी एका जातीची असते. एक रोखलेली: सुटताना तुम्ही जिथे होतात तिकडे जाणारी. दुसरी ठरलेली: तुम्ही कुठेही असा, दर वेळी त्याच कोनात जाणारी. तिसरी रँडम. तिन्हींवरचे उपाय वेगळे, इतके की एकीचा उपाय दुसरीवर केला तर मरण नक्की.

ओळखायची पद्धत साधी आहे. प्रॅक्टिस मोडमध्ये जा, मरायचं आहेच असं धरून चला आणि गोळीबार करू नका, म्हणजे बॉस टिकून राहील. पहिल्या फेरीला तळाशी मधोमध उभे राहा. दुसऱ्या फेरीला डाव्या कडेला. पॅटर्नचं तोंड तुमच्याबरोबर वळलं तर गोळ्या रोखलेल्या. काहीच बदललं नाही तर ठरलेल्या. एकाच जागी उभं राहूनही प्रत्येक फेरी वेगळी आली तर रँडम. बॉस स्वतः इकडेतिकडे सरकत असेल तर घोटाळा होतो. अशा वेळी गोळ्या बॉसच्या जागेपासून कोणत्या कोनात निघतात ते बघा, स्क्रीनवर कुठे पडतात ते नको.

ठरलेल्या गोळ्यांबद्दल फार सांगायला नको. त्या पाठ करायच्या. 32 गोळ्यांचं एक वर्तुळ बॉसपासून 200 पिक्सेलवर आलं की शेजारच्या दोन गोळ्यांत 39 पिक्सेल अंतर असतं. दोन्हीकडचे 6-6 वजा केले तर केंद्रबिंदूला 27 पिक्सेल मोकळे. दूर जाल तितकी फट रुंदावते, म्हणून वर्तुळांच्या पॅटर्नला तळाशी राहायचं. एक फट आधीच निवडायची आणि तिच्यासमोर उभं राहायचं. ऐन वेळी फट बदलायची नाही.

रोखलेल्या गोळ्यांना आपण चालवायचं

इथे थांबून नीट समजून घेण्यासारखं बरंच आहे.

आधी पंख्यासारखे पसरणारे फवारे. शत्रू तुमच्यावर रोखून एकदम 3 किंवा 5 गोळ्या सोडतो तेव्हा मधली गोळी सरळ तुमच्यावर येते, म्हणून हलावं लागतं. पण 2, 4, 6 अशी सम संख्या असेल तर मध्ये गोळीच नसते, तुम्ही दोन गोळ्यांच्या बरोबर मधोमध असता. दोघींमध्ये 20 अंशांचा कोन आणि तुम्ही 300 पिक्सेल दूर असाल तर जवळची गोळी तुमच्यापासून सुमारे 53 पिक्सेलवरून जाते. अशा वेळी उपाय एकच: हलू नका. नवखा माणूस घाबरून सरकतो आणि स्वतःहून गोळीखाली जातो. फवारा आला की आधी मोजा, विषम की सम.

आता सलग धार. शत्रू वर मधोमध आहे, तुम्ही त्याच्या 340 पिक्सेल खाली. तो दर 6 फ्रेमला एक गोळी तुमच्यावर रोखून सोडतो, गोळीचा वेग फ्रेमला 4 पिक्सेल. गोळी तुमच्यापर्यंत यायला 85 फ्रेम लागतात, म्हणजे जवळजवळ दीड सेकंद. दर गोळी तुम्ही दीड सेकंदापूर्वी जिथे होतात तिथे पडते. मग तुम्हाला किती सरकायला हवं? दीड सेकंदात 6 पिक्सेलपेक्षा थोडं जास्त. बस्स.

बाण दाबून पळत सुटलात तर फ्रेमला साडेचार पिक्सेलने 300 पिक्सेलची रुंदी सव्वा सेकंदाच्या आत संपते आणि तुम्ही भिंतीला लागता. त्याऐवजी शिफ्ट धरून दर 10 फ्रेमला बाणाला एकच टिचकी द्या. एका टिचकीत 2 पिक्सेल धरले तर सरासरी फ्रेमला 0.2 पिक्सेल पडतात. 85 फ्रेममध्ये 17 पिक्सेल होतात, म्हणजे धार कायम तुमच्या मागे 17 पिक्सेलवर पडत राहते. गरज 6 ची, हातात 17. आणि तीच 300 पिक्सेलची रुंदी आता 25 सेकंद पुरते. बहुतेक फेऱ्या त्याआधीच संपतात. टिचकीचा ठेका संथ आणि एकसारखा हवा. धार अगदी खेटून गेली तरी ठेका वाढवायचा नाही.

फेरी संपलीच नाही आणि भिंत जवळ आली, तर वळावं लागतं. पण नुसतं उलटं फिरलात तर मराल, कारण दीड सेकंदापूर्वी सोडलेली धार अजून तुमच्याकडेच येते आहे आणि तुम्ही तिच्यात शिरता. त्यासाठी धारेत भोक पाडायचं. भिंतीपासून निदान 100 पिक्सेल शिल्लक असतानाच शिफ्ट सोडा आणि त्याच दिशेला 20 फ्रेम, म्हणजे एक तृतीयांश सेकंद पळा. या धावेत तुम्ही 90 पिक्सेल जाता, आणि दोन गोळ्यांच्या मधल्या 6 फ्रेममध्ये 27 पिक्सेल. म्हणजे आता सुटणाऱ्या गोळ्या एकमेकींपासून 27 पिक्सेलवर पडणार. लगेच शिफ्ट धरा आणि उलट्या दिशेला टिचक्या सुरू करा. जुनी गच्च धार तुमच्यापासून दूर, जिथून धाव घेतली तिथे पडते. विरळ गोळ्या तुमच्या ओळीत पोचतात तेव्हा तुम्ही 17 पिक्सेल उलटे आलेले असता. शेवटची गोळी तुमच्या एका बाजूला 17 वर, तिच्या आधीची दुसऱ्या बाजूला 10 वर. दोन्ही 6 पेक्षा जास्त, तुम्ही मधून सुटलात. पुढची धार आता तुमच्या दुसऱ्या बाजूला पडू लागते.

बिघडतं कुठे? धाव लहान पडली तर गोळ्या नीट विरळ होत नाहीत आणि जुनी धार जवळच राहते. भिंतीला टेकल्यावर धाव घ्यायची आठवण झाली तर धावायला जागाच नसते. शत्रू भराभर सोडत असेल, समजा दर 3 फ्रेमला, तर अंतर साडेतेरा पिक्सेलच उरतं. दोन्हीकडचे 6 गेले की हातात दीड पिक्सेल. त्या धारेत असं भोक काढणं माणसाच्या हाताला जमण्यातलं नाही. तिथे बॉम्ब टाका. बॉम्ब उरलेला असताना मेलात तर तो बॉम्ब वायाच गेला.

मिसळ आली की

अवघड पॅटर्न बहुतेक वेळा दोन जातींची मिसळ असतात: ठरलेली वर्तुळं आणि त्यात एक रोखलेली धार. डोळा वर्तुळांच्या नक्षीकडे ओढला जातो, पण मारणारी धार असते. धारेला आधी चालवा, टिचकीच्या ठेक्याने, आणि वर्तुळांच्या फटी त्या वाटेवर येतील तशा वापरा. मिसळीत रँडम गोळ्या असतील तर शक्य तेवढे तळाच्या थोडे वर राहा; अगदी तळाशी चिकटलात तर खाली सरकायची वाट बंद होते.

रँडम गोळ्यांत नजर स्वतःच्या पात्रावर ठेवू नका आणि बॉसवरही नको. पात्राच्या साधारण दोन चित्रं वरच्या पट्टीकडे बघा. ठिपका डोळ्याच्या कडेला दिसत राहतो. त्या पट्टीतल्या गोळ्यांना तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही, म्हणून एका वेळी एकच निर्णय: पुढची फट डावीकडे की उजवीकडे. त्याच्या पलीकडच्या गोळ्या अजून तुमच्या नाहीत.

बारीक हिटबॉक्सचा फायदा कुठे संपतो तेही ओळखा. फुग्यासारख्या मोठ्या गोळ्यांची स्वतःची त्रिज्या 14 असेल तर तुमच्या 2 ने बेरीज 16 होते, आणि तुमचं बारीक असणं फारसं मोजलं जात नाही. तिथे फटीत शिरायचं नाही, लांबून वळसा घालायचा. लेझरचंही तसंच. आणि गोळीचा वेग फ्रेमला 8 पिक्सेल असेल तर तेच 340 पिक्सेल खाली यायला तिला 42 फ्रेम लागतात, पाऊण सेकंदाहून कमी. जागा भरपूर असली तरी बघून ठरवायला वेळ नसतो. असे पॅटर्न पाठच करावे लागतात.

मेल्यावर रिप्ले जपून ठेवा आणि शेवटचे दोन सेकंद पुन्हा बघा. ज्या गोळीने मारलं ती कोणत्या जातीची होती, आणि तेव्हा तुम्ही सरकत होतात की थांबलेले? रोखलेल्या गोळीने थांबलेला असताना मेलात तर टिचकीचा ठेका तुटला होता. सम फवाऱ्यात सरकताना मेलात तर मोजलं नव्हतं. ठरलेल्या वर्तुळात मेलात तर फट ऐन वेळी बदललीत. कारण वहीत लिहा आणि प्रॅक्टिसमध्ये तीच एक फेरी पुन्हा लावा.